दीडशे शब्दांत साठ वर्षं

आयईएलटीएसच्या अकॅडेमिक परीक्षेत लेखनासाठी एक तास मिळतो आणि त्यात दोन प्रश्न सोडवायचे असतात. दुसरा प्रश्न निबंधाचा, किमान अडीचशे शब्दांचा. त्याची सगळे कसून तयारी करतात, कारण त्याला पहिल्याच्या दुप्पट वजन असतं. पहिल्या प्रश्नात एखादा आलेख, तक्ता, नकाशा किंवा प्रक्रियेची आकृती समोर येते आणि ती साधारण वीस मिनिटांत, किमान दीडशे शब्दांत सांगायची असते. मत द्यायचं नाही, कारणं शोधायची नाहीत, जे दिसतं तेवढंच सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून मुलं त्याची तयारी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. गेली बरीच वर्षं मी ही तयारी करून घेते आहे. चांगलं इंग्रजी असलेली मुलं इथेच अडखळताना मी पाहिली आहेत आणि त्यांच्या चुकांचं मूळ इंग्रजी व्याकरणात क्वचितच सापडतं. आपण मराठीत जे मोघम बोलून निभावून नेतो, ते इथे निभावत नाही.

पहिल्या दिवशी मी वर्गात एकच आलेख देते. आपल्या जनगणनेतली साक्षरता, १९५१ ते २०११, दर दहा वर्षांचा एक बिंदू, दोन रेषा. पुरुषांची रेषा २७ टक्क्यांवर सुरू होते आणि ४०, ४६, ५६, ६४, ७५ करत ८१ वर पोचते. स्त्रियांची ९ वर सुरू होते आणि १५, २२, ३०, ३९, ५४ करत ६५ वर येते. आकडे पूर्णांकात आणले आहेत. आलेखाखाली एक बारीक टीपही असते. १९७१ पर्यंतचे आकडे पाच वर्षांवरच्या लोकांचे आहेत, १९८१ पासूनचे सात वर्षांवरच्या. टीप वाचायची सवय लागावी म्हणून मी ती मुद्दाम ठेवते.

मग मुलं लिहायला लागतात आणि बहुतेक वह्यांत एकच गोष्ट घडते. १९५१ साली पुरुष २७ टक्के होते, स्त्रिया ९ टक्के होत्या. १९६१ साली पुरुष ४०, स्त्रिया १५. १९७१ साली पुरुष ४६... असं करत चौदाच्या चौदा आकडे कागदावर उतरतात आणि दीडशे शब्द भरतात. एकही आकडा चुकलेला नसतो, पण हे लेखन वाचून काय घडलं ते कळत नाही. आलेखातले बिंदू फक्त वाक्यांत मांडलेले असतात. परीक्षकांसाठी गुणांचे जे निकष जाहीर आहेत, त्यांत तपशील यांत्रिकपणे सांगितला आणि ठळक चित्र कुठेच मांडलं नाही, तर या भागाचे गुण पाचाच्या आसपास अडकतात, असं स्पष्ट दिसतं. सातची अपेक्षा असेल तर मुख्य कल, फरक किंवा टप्पे यांचा स्वच्छ आढावा हवाच. याला ओव्हरव्ह्यू म्हणतात. तो एखाद-दोन वाक्यांचा असतो, पण पहिली पाच मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

तो सापडतो कसा? माझी रीत साधी आहे. मी मुलांना पेन खाली ठेवायला सांगते आणि बोट आलेखावर ठेवायला लावते. दोन्ही रेषा कुठे निघाल्या, कुठे पोचल्या? वर गेल्या. एकमेकींना छेदल्या का? नाही, पुरुषांची रेषा सगळी साठ वर्षं वरच राहिली. आता दोन रेषांमधल्या पट्टीकडे बघा. ती रुंद झाली की अरुंद? इथे वर्गात नेहमी दोन तट पडतात. काही म्हणतात अरुंद, कारण शेवटी स्त्रियांची रेषा चांगली वर आलेली दिसते. काही म्हणतात बदललीच नाही. मग वजाबाकी करायला लावते. १९५१ मध्ये अंतर १८. १९६१ मध्ये २५. पुढची तीस वर्षं ते पंचविसाच्याच आसपास. २००१ मध्ये २१ आणि २०११ मध्ये १६. म्हणजे अंतर आधी वाढलं, बराच काळ तसंच राहिलं, मग आवळत गेलं आणि शेवटी सुरुवातीपेक्षाही कमी झालं. या आलेखात सांगण्यासारखं खरं हे आहे, आणि छापलेल्या चौदा आकड्यांत ते कुठेही लिहिलेलं नाही. ते तुलनेतून काढावं लागतं.

आता आढावा लिहिता येतो. साठ वर्षांत स्त्री-पुरुष दोघांमधलं साक्षरतेचं प्रमाण वाढलं. पुरुषांचं सतत जास्त राहिलं, पण सुरुवातीला रुंदावलेलं अंतर २०११ पर्यंत सर्वांत कमी झालं. इंग्रजीतही हे दोन वाक्यांत बसतं. त्यात एकही टक्का नाही, आणि नसावाच. आकडे पुढच्या परिच्छेदांत येतात, तेही या वाक्यांना आधार म्हणून. कोणते घ्यायचे? दोन्ही टोकांचे चार, अंतर पहिल्यांदा रुंदावलं ते १९६१ चे दोन, आणि ते आवळू लागलं त्याच्या थोडं आधीचे, १९९१ चे दोन. उरलेले सहा सोडून द्यायचे. सोडून देताना मुलांचा जीव खालीवर होतो. आकडा गाळला तर गुण जातील अशी भीती असते. पण निवड करणं हासुद्धा या प्रश्नाचाच भाग आहे. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचनेत मुख्य वैशिष्ट्यं निवडून सांगा आणि लागू असेल तिथे तुलना करा, असंच म्हटलेलं असतं.

इथून पुढे भाषेचा प्रश्न सुरू होतो, आणि मला सगळ्यात जास्त रस यातच आहे.

पहिलं उदाहरण वाढ सांगण्याचं. स्त्रियांची साक्षरता किती वाढली? मराठीत आपण सहज म्हणतो, ‘५६ टक्क्यांनी वाढली’. ९ वरून ६५, म्हणजे ५६. ऐकणाऱ्याला कळतं. पण ‘टक्क्यांनी’ या एका शब्दात दोन वेगळे अर्थ राहतात. नऊची ५६ टक्के वाढ म्हणजे जेमतेम पाच, म्हणजे साक्षरता १४ वर पोचेल. आपल्याला तर ५६ पायऱ्या म्हणायच्या आहेत. इंग्रजीत त्या पायरीला पर्सेंटेज पॉइंट असा वेगळा शब्द आहे आणि दोन टक्केवाऱ्यांमधला फरक सांगताना तो वापरलाच पाहिजे. ‘रोझ बाय ५६ पर्सेंट’ लिहिलं की वाक्य व्याकरणाने शुद्ध आणि माहितीने खोटं होतं.

त्याच्याच शेजारी ‘बाय’ आणि ‘टू’ची जोडी उभी असते. मराठीत ‘५६ ने वाढली’ आणि ‘६५ वर पोचली’ अशी वेगळी रूपं आहेत, पण बोलताना आपण ‘६५ टक्के वाढली’ असं अर्धवट सोडतो आणि तेच डोक्यात राहतं. मग ‘इन्क्रीज्ड ६५ पर्सेंट’ असं काहीतरी कागदावर येतं. ‘बाय’च्या पुढे फरक येतो, ‘टू’च्या पुढे पोचल्याची जागा. क्रियापद नसून नाम असेल तर ‘इन्क्रीज ऑफ’च्या पुढे पुन्हा फरक. मी मुलांना प्रत्येक आकड्याखाली ‘ने’ की ‘वर’ असं मराठीत लिहायला लावते. पंधरा दिवसांत चूक बरीच कमी होते.

‘पट’ हा शब्द तर त्याहून निसरडा. स्त्रियांचं प्रमाण ९ वरून ६५ झालं, म्हणजे सुमारे सातपट झालं. पण कोणी लिहितं ‘सात पटीनं वाढलं’, आणि काटेकोर वाचणारा विचारतो, नऊमध्ये नवाच्या सातपट मिळवायचे का? मग ते ७२ होतील. इंग्रजीतही ‘सेव्हन टाइम्स मोअर’वर असाच वाद होऊ शकतो. म्हणून मी सुरक्षित वाट शिकवते: २०११ चं प्रमाण १९५१ च्या सातपट होतं, ‘सेव्हन टाइम्स अ‍ॅज हाय अ‍ॅज’. इथे शंकेला जागा उरत नाही.

आणि आता याच आलेखातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. पुरुषांची वाढ किती? २७ वरून ८१, म्हणजे ५४ पायऱ्या. स्त्रियांची ५६. जवळजवळ सारखीच. पण पटीत पाहिलं तर पुरुष तिप्पट आणि स्त्रिया सातपट. मग स्त्रियांची साक्षरता जास्त वेगानं वाढली असं म्हणायचं की नाही? दोन्ही उत्तरं खरी आहेत, फक्त कोणत्या मापाने ते वाक्यात दिसलं पाहिजे. एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, ‘स्त्रियांची साक्षरता पुरुषांपेक्षा कितीतरी वेगाने वाढली’, आणि लगेच पुढे ‘५६ आणि ५४’. आकड्यांनीच वाक्याला खोटं पाडलं. तिला नवीन शब्दाची गरज नव्हती. तिने ‘पटीचा विचार केला तर’ एवढं जोडलं आणि खाली ५४-५६ ऐवजी तिप्पट-सातपट लिहिलं, की उत्तर खरं झालं. दुसरा मार्गही होता. पहिल्या दशकात पुरुष १३ पायऱ्या चढले आणि स्त्रिया फक्त ६. शेवटच्या दशकात उलट, पुरुष ६ आणि स्त्रिया ११. अंतर आधी का रुंदावलं आणि शेवटी का आवळलं, हे या चार आकड्यांत लख्ख दिसतं, आणि बाहेरचं एकही कारण सांगावं लागत नाही.

आता क्रियाविशेषणं. बाजारातल्या तयारीच्या वह्यांत त्यांच्या याद्या असतात आणि मुलं त्या पाठ करतात. ड्रॅमॅटिकली, शार्पली, स्टेडिली, ग्रॅज्युअली. मग यादीतून एक शब्द उचलून कुठेही लावला जातो. मी म्हणते, आधी चढ मोजा. स्त्रियांची रेषा दर दशकाला ६, ७, ८, ९ अशी चढली, मग एकदम १५ आणि त्यानंतर ११. १९९१ पर्यंत ‘स्टेडिली’ चालेल, कारण वाढ एका चालीने आहे, खाडकन चढउतार नाही. १९९१ ते २००१ साठी ‘शार्पली’ शोभतं, कारण तिच्याच आधीच्या चालीच्या मानाने तो चढ तीव्र आहे. कुठल्याही एका आकड्याला आपण तीव्र म्हणू शकत नाही. तीव्रता शेजारच्या आकड्यांशी ताडून ठरते. ‘फ्लक्चुएट’ तर इथे लावताच येणार नाही, कारण त्यासाठी रेषा खालीही यायला हवी. सहा आणि तेरा अशी वाढ कमीजास्त झाली म्हणून अनेक जण पुरुषांच्या रेषेला चढउतार म्हणतात. ती रेषा एकदाही उतरलेली नाही. कमीजास्त झाला तो चढण्याचा वेग.

कर्त्याचा घोळही इथलाच. मराठीत ‘साक्षरता वाढली’ म्हणतो तिथे मुलं इंग्रजीत ‘मेन इन्क्रीज्ड’ लिहितात. त्याचा अर्थ पुरुष वाढले असा होतो. वाढलं ते पुरुषांमधलं साक्षरतेचं प्रमाण. आणि प्रमाण वाढलं म्हणून संख्येबद्दल काही बोलायचं नाही. याचा पुरावा आपल्याच जनगणनेत आहे. १९८१ ते १९९१ या दहा वर्षांत साक्षरतेचं प्रमाण चांगलं वाढलं, तरी निरक्षरांची संख्या सुमारे ३० कोटींवरून सुमारे ३३ कोटींवर गेली, कारण लोकसंख्याच वाढत होती. आलेखावर टक्के असतील तर ‘नंबर’ हा शब्द दिसला की मी लाल पेन काढते.

प्रक्रियेच्या आकृतीत आकडे नसतात, म्हणून ती सोपी वाटते. आपल्याकडच्या मुलांना साखर कारखान्याची आकृती दिली की चेहरे खुलतात. अनेकांच्या गावाशेजारी कारखाना असतो, हंगामातला उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. ऊस येतो, त्याचे तुकडे होतात, चरकात रस निघतो, चुन्याची निवळी घालून तो शुद्ध होतो, आटवून पाक होतो, पाकातून दाणे बनतात, फिरत्या यंत्रात मळी वेगळी होते, साखर वाळते आणि पोत्यांत भरली जाते. ‘होतो, निघतो, बनतात’ या क्रियापदांकडे बघा. मराठीत गोष्टी आपोआप घडल्यासारखं सांगता येतं आणि ते सुंदर वाटतं. इंग्रजीत तसं केलं तर ‘द केन कट्स’ असं वाक्य तयार होतं, म्हणजे ऊसच कापतो. तिथे ऊस कापला जातो असंच म्हणावं लागतं. पण सगळंच कर्मणी करून चालत नाही. पाणी वाफ होऊन उडतं, दाणे तयार होतात, हे तिथेही आपोआपच घडतं. म्हणून मी एकच प्रश्न विचारायला शिकवते: इथे कोणाचा तरी हात किंवा यंत्र लागलं का? लागलं असेल तर कर्मणी, नाही तर साधं वाक्य. आणि काळ मात्र वर्तमानच, कारण हे रोज घडतं.

या आकृतीत सर्वांत जास्त सुटतो तो बाजूला वळणारा बाण. चरकातून रसाबरोबर चिपाडही निघतं. ते बॉयलरमध्ये जळतं आणि त्याच वाफेवर रस आटवला जातो. म्हणजे एक फाटा पुन्हा मूळ साखळीला येऊन मिळतो. मुलं वरपासून खालपर्यंत सरळ उतरतात आणि तो फाटा एकतर सोडतात किंवा शेवटी कसाबसा चिकटवतात. इथला आढावा म्हणजे टप्प्यांची संख्या, सुरुवात उसाने आणि शेवट पोत्यांतल्या साखरेने, आणि वाटेत निघालेलं चिपाड त्याच प्रक्रियेसाठी इंधन होतं, एवढं सगळं. गावाकडच्या मुलांना एक धोकाही असतो. आकृतीत मळीचा बाण नुसता बाहेर गेलेला असतो, पण त्यांना मळीपासून पुढे काय होतं हे ठाऊक असतं, म्हणून ते आसवनीबद्दल लिहितात. खरं असलं तरी ते आकृतीत नाही. त्यामुळे ते उत्तरात यायला नको.

नकाशांत जास्त करून एकाच जागेची आधीची आणि नंतरची अशी दोन चित्रं असतात. इथे क्रियापदांपेक्षा शब्दयोगी अव्ययं घात करतात. ‘नागपूर महाराष्ट्राच्या पूर्वेला आहे’ आणि ‘छत्तीसगड महाराष्ट्राच्या पूर्वेला आहे’, दोन्ही वाक्यं आपल्याला बरोबर वाटतात. नागपूर आत आहे, छत्तीसगड बाहेर आहे, हे आपण वाक्यातून नाही, भूगोलातून ओळखतो. नकाशा पहिल्यांदाच पाहणाऱ्या परीक्षार्थीला आणि त्याचं उत्तर वाचणाऱ्याला तो आधार नसतो. इंग्रजीत आत असेल तर ‘इन द ईस्ट ऑफ’, बाहेर असेल तर ‘टू द ईस्ट ऑफ’, आणि अगदी हद्दीवर असेल तर ‘ऑन’. मुलं तिन्हींच्या जागी हाताला येईल ते वापरतात आणि तलाव बागेतून उचलून रस्त्यापलीकडे नेऊन ठेवतात.

याचा सराव मी मुंबईवर घेते. एका बाजूला सात बेटांचा जुना नकाशा, दुसऱ्या बाजूला आजचा. कुलाबा, त्याच्या शेजारचं छोटं बेट, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. बेटांमधल्या खाड्यांच्या जागी भर टाकलेली जमीन आली. एवढ्या बदलांत काय निवडायचं? आधी आढावा: सात वेगळी बेटं होती, आता एकच सलग भूभाग आहे. मग एक-दोन ठिकाणं. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधून पूर्वी समुद्र आत यायचा, तिथे बांध पडला. कुलाबा १८३८ साली बांधरस्त्याने मुंबईला जोडलं गेलं. दुसरा नकाशा आजचा असेल तर ‘हॅज बीन जॉइन्ड’ हा पूर्ण वर्तमान लागतो, आपल्या ‘जोडलं गेलं आहे’सारखा. दोन्ही नकाशे जुन्या सालांचे असतील तर साधा भूतकाळ.

एका मुलाने या सरावात बांध का घातला, कोणी घातला, कंपनी सरकार काय म्हणालं, असं पानभर लिहिलं. त्याला इतिहास छान येत होता आणि मला ते वाचायला आवडलं. पण नकाशावर त्यातलं काहीच नव्हतं. मी त्याला सगळं खोडायला सांगितलं आणि फक्त कुलाब्याबद्दल दोन वाक्यं लिहायला लावली. बराच वेळ विचार करून त्याने लिहिलं: पहिल्या नकाशात कुलाबा मुंबईच्या दक्षिणेला, ‘टू द साउथ ऑफ’. दुसऱ्यात कुलाबा मुंबईच्या दक्षिण भागात, ‘इन द साउथ ऑफ’. मधला समुद्र भरून निघाल्याचं त्याने कुठेही वेगळं लिहिलं नव्हतं, तरी ते त्या दोन वाक्यांत आलं होतं.